रोजचे २० रुपये आणि दहा तारखेचा गजर: पहिल्यांदाच बचत करणाऱ्या एका मुलीचं प्रकरण

हे प्रकरण सांगली जिल्ह्यातल्या एका २३ वर्षांच्या मुलीचं आहे. नाव बदललं आहे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. रकमा तिच्या पासबुकातल्या आणि वहीतल्या आहेत. पहिल्यांदा पगार हातात आलेल्या मुलामुलींसोबत पैशाचं नियोजन करण्याचं काम आम्ही करतो. रोज थोडे पैसे बाजूला टाकायचे, रात्री कुणाला तरी कळवायचं आणि महिन्याला ते दुसऱ्या खात्यात पाठवायचे, ही पद्धत आम्ही बऱ्याच जणांना सुचवतो. या पद्धतीत काय बिघडतं ते या प्रकरणात स्पष्ट दिसलं, म्हणून ते सविस्तर लिहिलं आहे.

पार्श्वभूमी

रेश्मा एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिसेप्शनवर काम करते. पगार १३,००० रुपये, थेट बँक खात्यात. पगाराची तारीख मात्र पक्की नाही. पाच ते दहा तारखेच्या दरम्यान कधीतरी जमा होतो. त्यातले ७,००० ती आईच्या हातात देते. फोनचा हप्ता १,४५० आणि रिचार्ज ३०० च्या आसपास. जाण्यायेण्याचा आणि खाण्याचा रोजचा वरखर्च ८० रुपये धरला, तर २६ दिवसांचे दोन हजारांहून थोडे जास्त होतात. उरलेल्या दोनेक हजारांत कपडे, मैत्रिणींचे वाढदिवस, ऑनलाइन मागवलेल्या वस्तू आणि अचानक उपटलेले खर्च.

या अचानक खर्चांसाठी तिची एक ठरलेली वाट होती: लॅबच्या डॉक्टरांकडून उचल. फोनचा डिस्प्ले फुटला तेव्हा उचल, चुलतभावाच्या लग्नात आहेर करायचा होता तेव्हा उचल. व्याज काहीच नाही, पण पुढच्या दोन पगारांतून कापून जायचे, आणि कापलेल्या पगारात महिना काढताना पुन्हा उचलीची वेळ यायची. ती आमच्याकडे आली तेव्हा तिचं म्हणणं एवढंच होतं, "मॅडम, पुढची अडचण आली की डॉक्टरांपुढे हात पसरायचा नाही." तिने आधी कधीच बचत केली नव्हती. गल्लासुद्धा घरात नव्हता.

येतानाच तिने फोनवर एक व्हिडिओ दाखवला. पहिल्या दिवशी एक रुपया, दुसऱ्या दिवशी दोन, असं ३६५ दिवस करत गेलात की वर्षाअखेर ६६,७९५ रुपये जमतात. हिशेब बरोबर आहे. पण आम्ही तिला शेवटचा महिना मांडायला लावला. १ जानेवारीला सुरुवात केली तर डिसेंबरात रोज ३३५ पासून ३६५ पर्यंत टाकायचे, म्हणजे एकट्या डिसेंबरात १०,८५० रुपये. आईला ७,००० दिल्यावर तिच्याकडे उरतात ६,०००. हे आव्हान जानेवारीत सगळ्यांना जमतं आणि ऑगस्टच्या सुमारास कोसळतं, कारण तोवर रोजचा आकडा २०० च्या पुढे गेलेला असतो. चढता आकडा बाद झाला. रोज एकच, न बदलणारी रक्कम घ्यायची हे पहिल्याच भेटीत ठरलं.

अडचण

आकडा ठरवण्यापूर्वी आम्ही नेहमी पासबुक मागतो आणि त्यात एकच गोष्ट बघतो: पगार जमा होण्याच्या आदल्या दिवशी खात्यात किती शिल्लक होती. रेश्माच्या मागच्या तीन महिन्यांचे आकडे होते ३१०, ८५ आणि ६४०. या तीन आकड्यांत सगळं काही आलं. महिन्याच्या सुरुवातीला तिच्याकडे पैसे असतात, शेवटी नसतात. म्हणजे महिनाअखेर उरलेलं टाकू, असं ठरवलं तर कधी ८५ जमतील, कधी काहीच नाही.

दुसरी अडचण तिच्या पैशाच्या स्वरूपात होती. हातात रोख जवळजवळ नाहीच. रिक्षा, वडापाव, स्टेशनरी, सगळं यूपीआयवर. रोख खर्चात नोट मोडताना जो थोडा हिशेब डोक्यात होतो तो इथे होत नाही, आणि गल्ल्यात टाकायला सुटे पैसेही नाहीत. रोजची बचत म्हणजे वस्तुतः काय करायचं, हाच प्रश्न होता. दुर्दैवाने त्याचं नेमकं उत्तर आम्ही सुरुवातीला दिलं नाही, आणि पुढचं सगळं तिथूनच घडलं.

समोर असलेले मार्ग

पहिला मार्ग पिग्मीचा. लॅबच्या शेजारच्या दुकानांत एका पतसंस्थेचा पिग्मी एजंट रोज संध्याकाळी यायचा. पिग्मी आपल्याकडे घराघरांत ओळखीची आहे. १९२८ मध्ये उडुपीच्या सिंडिकेट बँकेने दोन-दोन आणे घरी येऊन गोळा करायला सुरुवात केली, तिथून ही कल्पना पसरली. तिचं बलस्थान असं की पैसे त्याच क्षणी हातातून जातात, नुसता शब्द देऊन भागत नाही. रेश्माच्या बाबतीत मात्र तीन गोष्टी आड आल्या. रोख नव्हती. मुदतीआधी पैसे काढले तर कापणी होते, आणि तिला पैसे हवे होते ते नेमके अचानक अडचणीसाठी. तिसरं म्हणजे बँकेतल्या ठेवीला डीआयसीजीसी या ठेव विमा महामंडळाचं पाच लाखांपर्यंतचं विमा संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. तिच्या वडिलांचे पैसे पूर्वी एका पतसंस्थेत अडकले होते, त्यामुळे घरातून हा मार्ग तसाही मान्य झाला नसता. पण भाजी विकणारी बाई समोर असती, तर आम्ही पिग्मीच सुचवली असती, फक्त बँकेची.

दुसरा मार्ग पोस्टाच्या आवर्ती ठेवीचा. महिन्याला १०० रुपयांपासून सुरू होते आणि घरच्यांना विश्वासाची वाटते. पण मुदत पाच वर्षांची, आणि मुदतीआधी खातं बंद करायचं तर तीन वर्षं थांबावं लागतं. वर्षभरानंतर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, पण सहा महिन्यांत दातदुखी निघाली तर त्याचा उपयोग नाही.

तिसरा, तिच्या मैत्रिणीने सुचवलेला: ॲपवर रोज दहा रुपयांचं डिजिटल सोनं. खरेदीच्या क्षणी तीन टक्के जीएसटी जातो, खरेदी-विक्रीच्या भावातला फरक वेगळा, आणि या व्यवहारावर सेबीचं नियंत्रण नाही. वर्षाच्या आत लागणाऱ्या पैशासाठी हे आम्ही तिथेच थांबवलं.

चौथा मार्ग रोज रात्री २० रुपये यूपीआयने दुसऱ्या खात्यात पाठवण्याचा. आज मागे वळून बघता हा मार्ग आम्ही फार पटकन सोडला. रेश्माला तो नको होता. "रोज वीस-वीसचे मेसेज येणार, पासबुक भरून जाणार," असं ती म्हणाली. त्याशिवाय वापरात असलेलं दुसरं खातंच तेव्हा नव्हतं.

राहिला पाचवा, जो निवडला गेला. रोज रात्री साडेनऊला आपल्या वहिनीला व्हॉट्सॲपवर कळवायचं, वाचले असतील तर "२०", नसतील तर "०". रविवार सुटी, त्या दिवशी काहीच नाही. महिन्याच्या शेवटच्या दिवशी रात्री आठला फोनवर गजर. तेव्हा महिन्याची बेरीज करून तेवढे पैसे दुसऱ्या खात्यात पाठवायचे. २६ दिवस धरले तर महिन्याला जास्तीत जास्त ५२० रुपये, पगाराच्या चार टक्के.

महिन्याला ५२० असं थेट का विचारलं नाही? कारण ती घाबरली असती. एका अमेरिकी बचत ॲपवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रोज ५ डॉलर विचारल्यावर जितके लोक तयार झाले, ते महिन्याला १५० डॉलर विचारल्यावर तयार झालेल्यांच्या जवळपास चौपट होते. रक्कम तीच होती. रोजचा लहान आकडा होकार मिळवून देतो. तो होकार पुढे खात्यात पोचतो का, ही गोष्ट वेगळी.

काय केलं: जून आणि जुलै

दुसऱ्या खात्यासाठी नवीन खातं उघडायची गरज पडली नाही. रेश्माचं एका वेगळ्या बँकेत जन-धन खातं होतं, अठराव्या वर्षी आईसोबत जाऊन काढलेलं. दोन वर्षांहून जास्त काळ त्यात व्यवहार नव्हता, त्यामुळे ते निष्क्रिय झालं होतं. आधार, पॅन आणि फोटो देऊन केवायसी नव्याने करावं लागलं. खातं पुन्हा चालू करायला शुल्क लागत नाही. पण या सगळ्यात जूनचे तीन आठवडे गेले, कारण बँक उघडी असते तेव्हा ती लॅबमध्ये असते. खात्यात ४७ रुपये होते. कार्डाची मुदत संपलेली होती.

हे खातं यूपीआयला जोडायचं नाही, हे आम्ही मुद्दाम ठरवलं. खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकून त्यात यूपीआयने पैसे पाठवता येतात, पण खातं कुठल्याही ॲपला जोडलेलं नसेल तर रात्री अकराला बसल्या जागी ते परत काढता येत नाहीत. आधी एक रुपया पाठवून नाव नीट येतंय ना ते पाहिलं.

जूनमध्ये २६ पैकी २२ रात्री "२०" आला, म्हणजे ४४० रुपये. ३० जूनला गजर वाजला तेव्हा पगाराच्या खात्यात २१२ रुपये होते आणि पगाराला अजून आठवडा होता. तिने १५० पाठवले.

त्या वेळीच गजराची तारीख बदलायला हवी होती. आम्ही ती सुचवलीही, पण तिचं म्हणणं होतं की जूनमध्ये शाळेच्या मैत्रिणीचं लग्न होतं, जुलैत तसं काही नाही. तिच्या शब्दावर विसंबून आम्ही आग्रह धरला नाही.

जुलैत सर्वच्या सर्व २६ रात्री "२०" आला. बेरीज ५२०. ३१ जुलैला खात्यात ३४०, पाठवले १००.

इथे आकड्यांकडे नीट बघायला हवं. रात्रीची नोंद सुधारली, आणि प्रत्यक्ष गेलेली रक्कम घटली. दोन महिन्यांत ९६० रुपयांची नोंद झाली आणि २५० खात्यात गेले. ७१० रुपयांचा हा फरकच या पद्धतीच्या तब्येतीचं खरं मोजमाप आहे. नुसत्या रात्रीच्या "२०" च्या खुणा बघितल्या असत्या तर जुलै हा उत्तम महिना ठरला असता. शिवाय एकही शून्य नसलेला महिना पाहिला की आम्हाला आता शंका येते. २६ दिवसांत एकदाही पाहुणा नाही, पाऊस नाही, रिक्षाला दुप्पट पैसे नाहीत, असं घडत नाही.

पहिला निर्णय: रात्रीचा प्रश्न बदलणं

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात रेश्मा आणि तिची वहिनी दोघी आल्या. चॅट बघितल्यावर उलगडा झाला. जूनच्या शेवटी रेश्माने सलग दोन दिवस "०" पाठवला होता आणि वहिनीने लिहिलं होतं, "अगं, आज पण नाही?" त्यात टोमणा नव्हता, वहिनीने प्रेमानेच विचारलं होतं. पण त्यानंतर एकही शून्य आला नाही. रेश्मा म्हणाली, "वहिनी, तुम्हाला रोज नाही म्हणायला लाज वाटायची. वाटायचं, उद्या चाळीस वाचवू." ते चाळीस कधी झाले नाहीत.

यात रेश्माच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न नव्हता. मुळात "वाचले का?" या प्रश्नाला पडताळता येईल असं उत्तरच नव्हतं. कशातून वाचले? रक्षाबंधनाला मागवलेला ड्रेस घेतला नाही तर वाचले की नाही? पैसे त्याच खात्यात पडून होते, त्यामुळे वाचलेला रुपया आणि न वाचलेला रुपया यांत काही फरक दिसत नव्हता. म्हणून खुणेचा अर्थ पक्का केला. रोजचा वरखर्च साधारण ८० होतो. यूपीआयच्या इतिहासात आजचा वरखर्च ६० किंवा त्याहून कमी दिसला, तरच खूण. कपडे, औषध, भेटवस्तू यांचा या मोजणीशी संबंध नाही. झोपण्यापूर्वी ॲप उघडून आजची बेरीज करायला अर्धा मिनिट लागतो, आणि उत्तर मनाने ठरवायचं राहत नाही.

वहिनीसाठीही नियम ठरला. उत्तर काहीही असो, तिने फक्त अंगठा दाखवायचा. "का?" विचारायचं नाही, "शाब्बास" म्हणायचं नाही. आज शून्य तर उद्या दुप्पट, हेही बंद. दिवसाची खूण हुकली की ती हुकली. फक्त मेसेजच आला नाही, तर वहिनीने दुसऱ्या दिवशी सकाळी विचारायचं, कारण शून्य ही माहिती आहे आणि गप्प बसणं ही पद्धत सुटल्याची पहिली खूण आहे.

दुसरा निर्णय: गजर दहा तारखेला

महिनाअखेरचा गजर रद्द केला. आता महिना दहा तारखेपासून पुढच्या नऊ तारखेपर्यंत धरायचा. दहा तारखेला रात्री आठला गजर, त्यावर लिहिलेलं: "पगार आला का? आला तर बेरीज पाठव. नाही तर बारा तारीख." बारा तारखेला दुसरा गजर. पगाराची तारीख हलती असल्यामुळे दोन गजर लागले. ठरलेल्या दिवशी पगार येत असता, तर एकच पुरला असता.

बेरीज मागच्या महिन्याच्या खुणांची, पैसे मात्र नव्या पगारातले. यावर आमच्यातच एकाने आक्षेप घेतला आणि तो रास्त होता: मग मागच्या महिन्यात वाचलेले पैसे गेले कुठे? ते खर्चच झाले. वडापाव टाळून राहिलेले २० रुपये महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कशावर तरी गेले. आमचं उत्तर असं होतं की खुणा नेमके तेच पैसे जपत नाहीत. पगाराच्या दिवशी किती रक्कम निमूटपणे पाठवता येईल, हे त्या ठरवतात. रेश्माने स्वतः मिळवलेला आकडा असल्यामुळे तो पाठवताना तिला लादल्यासारखं वाटत नाही. काटेकोर हिशेबनिसाला हे पटणार नाही, पण पहिल्यांदा बचत करणाऱ्या माणसापाशी हे चालतं असा आमचा अनुभव आहे.

स्वयंचलित वळतीचाही विचार झाला. बँकेला सूचना देऊन दर महिन्याला ठरलेली रक्कम आपोआप पाठवता येते आणि मग कुठल्याही गजराची गरज राहत नाही. पण तारीख दहा ठेवली आणि पगार दहाच्या संध्याकाळी आला, तर व्यवहार अपुऱ्या शिल्लकेमुळे परत जाईल आणि काही ठिकाणी त्याचं शुल्क लागतं. फोनच्या हप्त्यावर तिला असा दंड एकदा बसला होता. तिने नकार दिला आणि आम्ही तो मानला.

तिसरा निर्णय: ७१० रुपयांची बाकी

जून-जुलैचा फरक पुढे ओढायचा का? रेश्माची तयारी होती, उलट तिला तो भरूनच काढायचा होता. आम्ही नको म्हटलं. सप्टेंबरात नव्या बेरजेवर ७१० चढवले असते, तर गणपतीनंतरच्या पगारात हजाराहून जास्त पाठवावे लागले असते, आणि ते जमलं नसतं तर पुन्हा नोंद एक आणि रक्कम दुसरी. बाकी माफ केली, वहीत रेघ मारली. १० ऑगस्टला काहीच पाठवलं नाही आणि नव्याने मोजायला सुरुवात केली.

निष्पत्ती

१० ऑगस्ट ते ९ सप्टेंबर या काळात १७ खुणा झाल्या. जुलैच्या २६ पेक्षा नऊ कमी, आणि तरीही हा पहिला खरा महिना. १० सप्टेंबरला ३४० रुपये पाठवायचे होते, ३४० च गेले. पुढच्या महिन्यात १९ खुणा. पगार दहाला रात्री उशिरा आला, म्हणून ३८० अकराला गेले. दिवाळीच्या महिन्यात फक्त १२ खुणा, २४० रुपये. पण दिवाळीला डॉक्टरांनी बोनस दिला, त्यातले १,००० तिने स्वतःहून पाठवले. त्याबद्दल आधी काही ठरलेलं नव्हतं. डिसेंबरात २२ खुणा, ४४० रुपये. ऑगस्टनंतर नोंद आणि वळती यांत एकदाही फरक पडला नाही. जून-जुलैचे २५० धरून १० डिसेंबरला खात्यात २,६५० रुपये होते, जुने ४७ सोडून.

डिसेंबरच्या मध्यात आईच्या दाताचं रूट कॅनाल निघालं, ३,५०० रुपये. रेश्माने खात्यातून २,००० काढले आणि १,५०० उचल घेतली. म्हणजे हात पसरावा लागला, पण पूर्वीच्या निम्म्याहून कमी रकमेसाठी. सगळे २,६५० काढून उचल आणखी कमी करता आली असती. तिला खातं रिकामं करायचं नव्हतं. गणिताने बघितलं तर बिनव्याजी उचल असताना हे बरोबरच होतं, कारण खात्यातल्या पैशाला थोडं का होईना व्याज मिळतं.

इथे एक त्रास झाला ज्याचा विचार आम्ही केला नव्हता. खातं यूपीआयला जोडलेलं नाही, कार्ड नाही, म्हणून पैसे काढायचे तर शाखेत जाऊन पावती भरायची. तिची सुटी रविवारी, बँकही रविवारी बंद. महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवारही बंद. तिला दोन तासांची रजा मागावी लागली, आणि तोवर दंतवैद्याला थांबवून ठेवावं लागलं. पैसे सहज निघू नयेत म्हणून केलेली सोय अडचणीच्या दिवशी आडवी आली.

जानेवारीत डिसेंबर-जानेवारीच्या १८ खुणांचे ३६० गेले. उचलीचे ५०० दर महिन्याला कापले जाऊ लागले, तेव्हा पुढचे तीन महिने खुणेची किंमत २० वरून १० केली. अट ६० रुपयांचीच राहिली. बंद करण्यापेक्षा निम्मं करणं बरं, असा तो विचार होता. त्या तीन महिन्यांत २००, २१० आणि १९० गेले. १० एप्रिलला शिल्लक १,६१० होती आणि उचल फिटलेली होती.

पगाराच्या आदल्या दिवशीची शिल्लक सुधारली का, हेही आम्ही पाहिलं. सप्टेंबर ते डिसेंबरचे आकडे ५१०, ४३०, १९० आणि ५६०. पूर्वीच्या ८५ इतकी ती खाली गेली नाही, पण दिवाळीत १९० वर आली होती. चार महिन्यांवरून यापेक्षा जास्त काही म्हणणं धाडसाचं होईल.

मार्चमध्ये वहिनी बाळंतपणासाठी माहेरी गेली आणि रात्रीचे मेसेज थांबले. रेश्माने भिंतीवरच्या दिनदर्शिकेत चौकटीत खूण करायला सुरुवात केली. त्या महिन्यात १९ खुणा झाल्या, म्हणजे आधीच्या सरासरीइतक्याच. वहिनीची गरज संपली होती की सात महिन्यांची सवय अजून पुरत होती, हे एका महिन्यावरून सांगता येत नाही. पण रात्रीचा जोडीदार कायमचा असायला हवा असा आमचा जो समज होता, तो आम्ही आता तितका घट्ट धरत नाही.

पुन्हा करायचं तर

सर्वांत आधी दुसरं खातं. जूनमध्ये रोजची बचत आणि केवायसी एकाच वेळी सुरू केलं, त्यामुळे पहिले तीन आठवडे खुणा होत होत्या आणि पैसे जायला जागाच नव्हती. खातं चालू होऊन त्यात एक रुपया पोचेपर्यंत पहिली खूण करायची नाही, असं आम्ही आता सांगतो. तीन आठवडे उशीर झाला तरी चालेल.

गजर पहिल्या दिवसापासून पगारावर. पासबुकातली पगाराच्या आदल्या दिवशीची शिल्लक आमच्या समोर होती. ३१०, ८५, ६४० हे आकडे बघूनही महिनाअखेरचा गजर लावणं ही अगदी टाळता येण्यासारखी गोष्ट होती, आणि ३० जूनला ती उघड झाल्यावर जुलै वाया घालवायला नको होता.

रोज रात्री यूपीआयने २० पाठवण्याचा मार्ग किमान एक महिना करून बघायला हवा होता. त्यात नोंद आणि पैसे एकच असतात, त्यामुळे जुलैसारखा २६ पैकी २६ महिना शक्यच झाला नसता. पासबुक भरतं ही तक्रार खरी आहे, पण त्यावर आठवड्यातून एकदा, शनिवारी रात्री, सहा दिवसांच्या खुणांचे पैसे पाठवणं हा मधला मार्ग निघाला असता. पगार महिन्याच्या सुरुवातीलाच संपवणाऱ्यांसाठी आम्ही आता आठवड्याची वळतीच सुचवतो. ज्यांचं महिनाअखेरपर्यंत थोडंफार टिकतं, त्यांना महिन्याची पुरते.

दुसऱ्या खात्याचं कार्ड काढून ते आईच्या कपाटात ठेवायचं, पिन रेश्माकडे. यूपीआयला जोडायचं नाही हे तसंच राहील, पण दंतवैद्याच्या खुर्चीत आई बसलेली असताना एटीएमपर्यंत जाता येईल. कार्ड आलं की आधी १०० रुपये काढून बघायचे, कारण नवीन कार्ड पहिल्यांदा चालू करण्यात काही अडलं तर ते अडचणीच्या दिवशी कळून उपयोग नाही. रेश्माने एप्रिलमध्ये कार्डासाठी अर्ज दिला आहे.